‘बहीण सही करते’: एका ओळीचा सीन होताना

मराठी मालिकांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामं बहुधा वेगवेगळ्या नावांपुढे असतात. गोष्ट एकाच्या डोक्यात जन्मते आणि दुसऱ्याच्या हातात पोचते ती ‘वनलाइन’ म्हणून. प्रत्येक सीनला एक ओळ, फार तर दोन. त्या ओळीत काय घडतं एवढंच असतं. कुठे घडतं, कसं घडतं, घडताना कोणाच्या आत काय हलतं, हे सगळं पुढच्या लेखकाने शोधायचं.

समजा, सहलेखकाकडून आलेली ओळ अशी आहे : ‘बहीण हक्कसोडपत्रावर सही करते.’

ही ओळ महाराष्ट्रात कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. 2005च्या कायदादुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला, तरी माहेर तुटू नये म्हणून तो सोडून देणाऱ्या बहिणी घरोघरी आहेत. विषय ओळखीचा असल्यामुळेच पहिला खर्डा फसतो. घाईत लिहिणारा माणूस बहीण-भावाला ओसरीवर बसवतो आणि बहिणीच्या तोंडी वाक्य घालतो, ‘दादा, तुला माहीतच आहे, बाबा गेल्यापासून...’ जे दादाला माहीतच आहे ते ती त्याला कशाला सांगेल? ती प्रेक्षकाला सांगते आहे, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं. मग ती रडते, सही करते, सीन संपतो. सुरुवातीला ती दुःखी होती, शेवटीही दुःखीच आहे. दोन पानं झाली, म्हणजे पडद्यावरची साधारण दोन मिनिटं गेली, आणि जागचं काहीच हललं नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी सहलेखकाला एक प्रश्न विचारावा लागतो : याच्या पुढच्या सीनची ओळ काय? समजा, उत्तर येतं, ‘बहीण माहेरी जेवायला थांबत नाही.’ या उत्तराने सीनचं दुसरं टोक हाती लागतं. शेवटी तिच्या मनात एवढं अंतर पडलेलं हवं की ताटावर बसणं जड जावं. मग सुरुवात त्याच्या उलट हवी. ती आनंदाने आली आहे, सही करायला तिची काहीच हरकत नाही. घटना तीच राहील, सहीही होईल, पण त्या सहीचा अर्थ वाटेत बदलेल. हा बदल म्हणजेच सीनची भावनिक चाल.

आता जागा. एर्न्स्ट लुबिश यांच्या 1934च्या ‘द मेरी विडो’मध्ये याचा सुंदर नमुना आहे. ओळ जुनीच : राणीचं एका अधिकाऱ्याशी प्रकरण आहे, हे राजाला कळतं. लुबिश यांनी कॅमेरा शयनगृहाच्या दाराबाहेर ठेवला. राजा बाहेर पडतो, पहाऱ्यावरचा अधिकारी आत शिरतो. राजाला आठवतं, आपला पट्टा आणि तलवार आत राहिली. तो परत आत जातो, घेऊन बाहेर येतो, चालता चालता पट्टा बांधू लागतो, आणि तो पट्टा त्याच्या पोटाला पुरतच नाही. राजा वळतो. आत काय झालं ते दाखवावं लागत नाही. बिली वाइल्डर हे उदाहरण वर्षानुवर्षं सांगत असत. एक दार आणि एक पट्टा सापडला, तिथे सीन सापडला.

आपल्या ओळीला असं दार कुठे मिळेल? ओसरीवर मिळत नाही. तिथे बहीण गप्प राहू शकते, उठून स्वयंपाकघरात जाऊ शकते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मात्र पळवाट नाही. दस्त नोंदवताना तिथे फोटो निघतो, यंत्रावर अंगठा द्यावा लागतो, आणि दस्त तुम्हाला मान्य आहे का, असं अधिकारी विचारतो. त्याला चारचौघांत तोंडाने उत्तर द्यायचं असतं. एरवी न बोलता उरकलेली गोष्ट ही जागा बोलायला लावते.

पुढचं काम बीट्सचं. बीट म्हणजे एकाने काही केलं आणि त्याने दुसऱ्यात काही बदललं, एवढी छोटी देवघेव.

पहिला बीट : बाहेरच्या बाकावर दादा तिला चहा आणून देतो, पंख्याखाली बसवतो. ती सुखावते. सर्व्हर बंद आहे, थांबावं लागणार. हे थांबणं महत्त्वाचं, कारण घाईत कोणी कागद वाचत नाही. दुसरा बीट : नावाचं स्पेलिंग बघा, म्हणून कारकून तिच्या हाती दस्त देतो. ती नावाच्या पुढेही वाचत जाते आणि चतुःसीमेशी थबकते.

बहीण : दादा, ओढा पश्चिमेला लिहिलाय.
दादा : मग?
बहीण : पूर्वेला आहे. शाळेला जाताना ओढा ओलांडला की ऊन तोंडावर यायचं.
दादा : राहू दे गं. त्याने काय होतंय.

सीन इथे वळतो. ‘राहू दे’ या दोन शब्दांत तिला दिसतं की जी जमीन ती सोडते आहे, ती दादाला नीट आठवतसुद्धा नाही. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त काम उरकायचं आहे. आणि दादाला खलनायक करण्याचा मोह इथेच आवरायचा असतो. तो पुढे कसा निघणार हे सहलेखकाने ठरवलेलं असतं. इथे त्याच्या कर्जाचा किंवा फसवणुकीचा तपशील घातला, तर तीस सीननंतरचा धक्का आजच खर्ची पडेल.

तिसरा बीट : ती कारकुनाला ते पान दुरुस्त करायला लावते. ‘पुढे तुलाच त्रास होईल,’ एवढंच दादाला म्हणते. द्यायचं ते नीट द्यायचं, हा तिचा मान. चौथा बीट आत, टेबलापुढे.

अधिकारी : वाचलंय ना? मान्य आहे?
बहीण : वाचलंय.
अधिकारी : मान्य आहे का?
(ती क्षणभर दादाकडे बघते.)
बहीण : मान्य आहे.

अंगठा यंत्रावर उमटत नाही. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे पुष्कळदा असेच लागत नाहीत. दादा रुमाल काढून तिचा हात पुसायला पुढे होतो. ती रुमाल त्याच्या हातातून घेते आणि अंगठा स्वतः पुसते. मघाशी त्याच्या हातून चहा घेणारी बाई आता हात धरू देत नाही. चहा आणि रुमाल, या दोन वस्तूंमधलं अंतर म्हणजे तिने कापलेला रस्ता.

खर्डा तपासायची एक सोपी रीत आहे. सगळे संवाद झाकायचे आणि फक्त कृती वाचायच्या. चहा घेणं, कागद वाचणं, पान बदलायला लावणं, दादाकडे बघणं, रुमाल घेणं. एवढ्यावरून चाल कळली, तर सीन उभा आहे. नुसतं ‘ती बोलते, तो बोलतो’ उरलं, तर तो अजून गप्पांतच आहे.

मग खर्डा सहलेखकाकडे परत जातो. ओढा, कारकून, रुमाल ही आपली भर, हे त्यावर स्पष्ट लिहिलेलं बरं. ओढा त्याला पुढे एखाद्या सीनमध्ये कामाला येईल, नाहीतर त्याच्या गावात ओढाच नसेल. या खर्ड्याच्या शेवटी बहिणीचं आणखी एक वाक्य होतं : ‘मी जेवायला नाही थांबत, दुपारची एसटी गाठते.’ सहलेखकाने ते खोडलं, कारण तो त्याचा पुढचा सीन होता. आता शेवटी ती रुमालाची घडी करून दादाच्या हातात परत देते आणि कार्यालयाच्या पायऱ्या उतरू लागते.