एलडीएल कोलेस्टेरॉलच्या आकड्यापलीकडे

रक्ततपासणीच्या अहवालात एलडीएल कोलेस्टेरॉल शंभराच्या आत आढळले की रुग्ण निश्चिंत होतो. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत मात्र ही निश्चिंतता फसवी ठरू शकते.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही; ते मेद व प्रथिने यांच्या सूक्ष्म कणांतून वाहून नेले जाते. त्यांपैकी एलडीएल, तसेच व्हीएलडीएलचे अवशिष्ट कण धमनीच्या भित्तिकेत शिरून अडकतात व तेथे मेदाचा थर साचू लागतो. अशा प्रत्येक कणावर अ‍ॅपो-बी या प्रथिनाचा एकच रेणू असतो. त्यामुळे अ‍ॅपो-बीचे मापन ही एक प्रकारे कणांची शिरगणतीच होय. एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा कण मोजत नाही. त्या कणांत कोलेस्टेरॉल किती भरले आहे, एवढेच तो सांगतो.

सामान्यतः हे दोन्ही आकडे एकाच दिशेने जातात. रक्तात ट्रायग्लिसराइडचे प्रमाण वाढले की मात्र त्यांची फारकत होते. व्हीएलडीएल आपले ट्रायग्लिसराइड एलडीएलला देतो व त्याच्याकडील कोलेस्टेरॉल घेतो. पुढे यकृतातील विकर हे ट्रायग्लिसराइड काढून घेते आणि एलडीएल कण लहान व घट्ट होतो. प्रत्येक कणातील कोलेस्टेरॉल घटल्याने तेवढ्याच कोलेस्टेरॉलसाठी कणांची संख्या अधिक भरते. मधुमेह, पोटाचा स्थूलपणा आणि चयापचयाचे विकार यांत हेच घडते.

एक उदाहरण पाहू. एका मधुमेही गृहस्थांचे एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३४ व ट्रायग्लिसराइड २९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. १९७२ मध्ये मांडलेल्या फ्रीडवाल्ड सूत्रानुसार एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ५८, वजा केल्यास एलडीएल ९८ येते. अहवालावर खूण होत नाही. आता एकूण कोलेस्टेरॉलमधून केवळ एचडीएल वजा करा. उरलेले १५६ म्हणजे नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल. धमनीस घातक ठरणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल त्यात येते. एलडीएलचे उद्दिष्ट १०० असेल तर नॉन-एचडीएल १३० च्या खाली हवे. येथे ते २६ ने अधिक आहे. अ‍ॅपो-बीची तपासणी केल्यास तेही १०० या संबंधित मर्यादेपलीकडे जाण्याची दाट शक्यता आहे. शिवाय ट्रायग्लिसराइड वाढले असता हे सूत्र एलडीएल कमीच दाखविते. ४०० च्या पुढे तर ते वापरतच नाहीत.

युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा रुग्णांसाठी अ‍ॅपो-बीची शिफारस आहे. परंतु ही वेगळी, खर्चिक चाचणी असून ती सर्वत्र होत नाही. नॉन-एचडीएलसाठी एका वजाबाकीपलीकडे काही लागत नाही, उपाशीपोटी राहण्याचीही गरज नसते. असे असूनही अनेक अहवालांत ही ओळ रुग्णाच्या नजरेतून सुटते. ट्रायग्लिसराइड सामान्य असलेल्या व्यक्तीत मात्र तिन्ही आकडे बहुधा एकच सांगतात. तेथे अ‍ॅपो-बीने नवे फारसे काही हाती येत नाही.