‘५० तास’ म्हणजे कानात किती तास?

ऑनलाइन दुकानात वायरलेस इयरबड्स शोधले की पहिल्याच ओळीत ‘५० तास प्लेटाइम’ असं ठळक अक्षरांत दिसतं. त्यापाठोपाठ ‘ब्लूटूथ ५.३’ येतं आणि मग ‘क्वाड माइक, ईएनसी, क्रिस्टल क्लिअर कॉल’. हजार-दीड हजार रुपये मोजणारा माणूस बहुतेक वेळा एवढं वाचूनच निवड करतो. हे दावे सहसा धडधडीत खोटे नसतात. पण ज्या अटींवर ते खरे ठरतात त्या अटी तिथे नसतात, आणि ग्राहकाला रोज ज्याच्याशी गाठ पडणार आहे तेच सांगायचं राहून जातं.

आधी बॅटरी. कानात बसणाऱ्या एका बडची बॅटरी साधारण ३५ ते ५० एमएएचची असते आणि केसची ३०० ते ५००. ‘५० तास’ हा आकडा या सगळ्यांची बेरीज असतो. कानात सलग किती वेळ गाणं वाजेल, हे त्यातून कळत नाही.

एक नमुन्याचा हिशेब करू. समजा, बड ४० एमएएचचा आहे, केस ४०० ची आहे आणि दावा ५० तासांचा. दोन बड मिळून ८० होतात, त्यामुळे केस त्यांना पाच वेळा भरेल असं कागदावर दिसतं. पण केसमधली वीज बडमध्ये उतरवताना तिचं व्होल्टेज आधी वाढवावं लागतं आणि मग पुन्हा खाली आणावं लागतं. या खटाटोपात ढोबळमानाने पाव हिस्सा उष्णतेत जातो. हाती राहतात ३००, म्हणजे पावणेचार भरत्या. बड आधीपासून भरलेले होते ती एक धरली तर पावणेपाच. आता ५० ला पावणेपाचने भागलं की एका भरतीवर साडेदहा तास येतात. एवढ्या छोट्या बॅटरीवर साडेदहा तास काढायचे तर आवाज निम्म्यावर हवा आणि एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय, बंद हवी. लोकलमध्ये बसलेला माणूस एएनसी चालू करतो आणि आवाजही चढवतो. त्याला एका भरतीवर सहा तास मिळाले, तर केससकट बेरीज २८ तासांच्या आसपास थांबते.

मग प्रामाणिक वाक्य असं होईल: ‘एएनसी चालू ठेवून, ७० टक्के आवाजावर, एका चार्जमध्ये सुमारे ६ तास. केसमधून आणखी साडेतीन-पावणेचार वेळा चार्ज होतात. एएनसी बंद आणि आवाज निम्म्यावर असेल तर सुमारे १० तास.’ अ‍ॅपलने एअरपॉड्स प्रोच्या दुसऱ्या पिढीसाठी हे आकडे वेगवेगळे दिले होते: एएनसी चालू असताना एका चार्जवर ६ तास ऐकणं, साडेचार तास बोलणं आणि केससकट ३० तास ऐकणं. चाचणी निम्म्या आवाजावर घेतल्याचंही तळटीपेत नमूद होतं. बोलण्याचे तास ऐकण्याच्या तासांपेक्षा कमी आहेत, हे लक्षात घेण्याजोगं आहे. कॉलच्या वेळी माइक, गोंगाट गाळणारी प्रक्रिया आणि दोन्ही दिशांचं प्रसारण एकदम चालू असतं. दिवसभर मीटिंगमध्ये असणाऱ्या माणसाला बोलण्याचाच आकडा हवा असतो, आणि स्वस्त बड्सच्या जाहिरातीत नेमका तोच बहुधा सापडत नाही.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही बड पूर्ण चार्ज करून ठरलेल्या आवाजावर गाणी लावून ठेवायची आणि पहिला बड बंद पडला ती वेळ लिहायची. दुसरा आणखी अर्धा तास चालला तरी तो धरायचा नाही, कारण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने जोडी तिथेच संपलेली असते.

अटी बारीक अक्षरांत ढकलण्याची सवय कायद्यालाही मान्य नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार खुलासा हा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्यासाठी वापरलेल्याच फाँटमध्ये असायला हवा. दाव्याला छेद देणारा किंवा महत्त्वाची माहिती लपवणारा खुलासा चालत नाही.

ब्लूटूथच्या आकड्याचं गौडबंगाल त्या मानाने लहान आहे. ५.३ ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. पण ५.० पासून पुढच्या सुधारणा मुख्यतः कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथसाठी आहेत, आणि बहुतेक बड्समध्ये गाणं अजूनही जुन्या, ‘क्लासिक’ मार्गाने येतं. त्या मार्गाचा आजचा वेग २००४ सालच्या आवृत्तीपासून तोच आहे. ५.२ सोबत एलई ऑडिओचा पाया घातला गेला खरा, पण तो ऐच्छिक आहे. डब्यावर ५.३ छापलंय म्हणून आत एलई ऑडिओ असेलच असं नाही. आणि असला तरी फोनमध्येही तो लागतो. म्हणून आवृत्तीपेक्षा हे लिहिणं उपयोगाचं: ‘एसबीसी आणि एएसी कोडेक चालतात. एलई ऑडिओ नाही. एका वेळी एकाच फोनला जोडता येतात. मोकळ्या खोलीत १० मीटरपर्यंत चालतात, मध्ये भिंत आली की त्याआधीच तुटतात.’ फोन मागच्या खिशात ठेवल्यावर गाणं अडखळतं, त्याचं कारणही आवृत्तीत शोधायला नको. शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं.

सगळ्यांत जास्त गैरसमज कॉलबाबत होतो. एएनसी कानात घालणाऱ्यासाठी असतं, तर ईएनसी पलीकडे ऐकणाऱ्यासाठी. ‘ईएनसी’ वाचून बड घेतले आणि बसचा आवाज तसाच ऐकू येतो, ही तक्रार इथूनच जन्मते. ‘क्वाड माइक’ म्हणजे बहुधा प्रत्येक बडमध्ये दोन माइक. तोंडाचा आवाज त्या दोघांपर्यंत किंचित वेगळ्या क्षणी पोचतो. त्या फरकावरून दिशा ओळखून बाकीचा आवाज दाबला जातो. पंख्याची किंवा इंजिनाची एकसुरी घरघर त्याने बरीच कमी होते. वारा मात्र थेट माइकच्या छिद्रावरच आदळतो, तिथे ही युक्ती लंगडी पडते. दाबणं जास्त झालं की शब्दांची सुरुवातच गिळली जाते आणि पलीकडचा ‘काय? काय?’ करत राहतो.

माइक कितीही चांगले असोत, कॉलचा आवाज ब्लूटूथच्या वेगळ्या, अरुंद वाटेने जातो. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, त्यामुळे साधारण ४००० हर्ट्झच्या वरचं काही पोचत नाही. ‘स’ आणि ‘फ’ यांना वेगळं ओळखू देणारा बराचसा भाग त्याच्या वरच असतो, म्हणून आडनाव दोनदा सांगावं लागतं. २०११ पासून उपलब्ध असलेली सुधारित पद्धत १६,००० नमुने घेते आणि बोलणं बरंच उजळ येतं, पण ती बड आणि फोन दोघांतही हवी. एखाद्या बडमध्ये ती आहे की नाही, हे विक्रेत्याने सांगायलाच हवं.

त्याहून सरस उपाय म्हणजे ऐकवणं. तीच चार वाक्यं बंद खोलीत, एसटी स्टँडवर आणि वारा असताना गच्चीवर बोलायची, पलीकडच्या फोनवर रेकॉर्ड करायची आणि कसलीही सफाई न करता वस्तूच्या पानावर टाकायची. खाली एवढं लिहिलं की झालं: ‘खोलीत स्पष्ट. स्टँडवर समजतं, पण आवाज थोडा बसका येतो. वाऱ्यात कॉल करू नका. लॅपटॉपवर मीटिंगसाठी माइक सुरू केला की त्या वेळेपुरता गाण्याचा आवाजही टेलिफोनसारखा होतो. हा बिघाड नाही, आणि लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडला तर बहुतेक वेळा तो पूर्ववत होतो.’