नऊच्या स्लॉटला नेमकं काय लागलं होतं?

टाळेबंदीतल्या टीव्हीचा विषय निघाला की एक वाद हमखास होतो. एक जण म्हणतो, "सकाळी नऊला रामायण लागायचं ते रात्रीचंच रिपीट असायचं." दुसरा ठामपणे सांगतो, "छे, सकाळचा भाग वेगळा, रात्रीचा वेगळा." दोघांचंही बरोबर आहे, फक्त ते वेगवेगळ्या तारखांबद्दल बोलत असतात. जुनं वेळापत्रक काढून असा वाद मिटवायचा असेल, तर ते कसं वाचायचं हे आधी ठरवावं लागतं. कारण वेळापत्रकात कार्यक्रमाचं नाव असतं. भाग कितवा, पहिल्यांदा दाखवला की पुन्हा, हे बहुतेक वेळा नसतं.

रामानंद सागर यांची ही मालिका २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी साडेनऊला लागायची. २८ मार्च २०२० पासून ती डीडी नॅशनलवर पुन्हा सुरू झाली, सकाळी नऊ ते दहा आणि रात्री नऊ ते दहा. या टप्प्यात कथा दोन्ही वेळांना पुढे सरकत होती. सकाळी चुकलेलं रात्री बघू म्हणणाऱ्याचं चुकलेलं चुकलेलंच राहायचं. १८ एप्रिलला ही मालिका संपली आणि १९ तारखेच्या रात्री नऊला 'उत्तर रामायण' सुरू झालं. तिथे रीत बदलली. पुढचा भाग फक्त रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आदल्या रात्रीचाच भाग.

आता १० एप्रिल आणि २१ एप्रिल या दोन दिवसांच्या यादीतली सकाळी नऊची ओळ समोर ठेवा. दोन्ही ओळी जवळजवळ सारख्याच दिसतात. पण १० तारखेच्या ओळीचा अर्थ 'पुढचा भाग' असा आहे आणि २१ तारखेच्या ओळीचा अर्थ '२० तारखेच्या रात्रीचा भाग'. एकट्या ओळीकडे कितीही रोखून पाहिलं तरी हे कळणार नाही. आदली रात्र, ही सकाळ आणि ही रात्र अशा तीन नोंदी एकत्र वाचल्या आणि त्या काळात वाहिनीने काय जाहीर केलं होतं ते सोबत ठेवलं, तरच उलगडा होतो. त्यातही 'पुन्हा' कशाच्या तुलनेत, हे स्पष्ट असायला हवं. १० एप्रिलचा भाग त्या महिन्यापुरता पहिल्यांदाच लागला होता, पण १९८७च्या हिशेबाने तोही पुनःप्रक्षेपणच. पुढे ४ मेपासून हीच मालिका स्टार प्लसवर संध्याकाळी साडेसातला सुरू झाली. त्या वाहिनीच्या यादीत तिचा पहिला दिवस नव्या मालिकेसारखाच दिसतो.

खरी गंमत भागांच्या क्रमांकात आहे. मूळ मालिका ७८ भागांची. २८ मार्च ते १८ एप्रिल हे दिवस २२, रोज दोन वेळा धरल्या तर जागा ४४. ७८ भाग ४४ जागांत एकेक करून बसूच शकत नाहीत. मूळ भाग साधारण ३५ मिनिटांचा होता आणि नवी जागा तासाची, म्हणजे एका बैठकीत एकाहून जास्त जुन्या भागांचा मजकूर येत होता. त्यामुळे 'टाळेबंदीतला दहावा भाग' आणि १९८७चा दहावा भाग यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. मूळ प्रक्षेपणातही नुसती बेरीज चालत नाही. पहिल्या रविवारपासून शेवटच्या रविवारपर्यंत मोजले तर रविवार ८० भरतात आणि भाग ७८. म्हणजे निदान दोन रविवार नव्या भागाविना गेले. "सुरुवात अमुक तारखेला, म्हणून चाळिसावा भाग तमुक तारखेला" असं सांगणाऱ्यांचा हिशेब इथेच फसतो. अशी गणितं मी छापील लेखांतही वाचली आहेत.

दुसरी अडचण त्याहून मूलभूत आहे. वेळापत्रक म्हणजे आधी केलेला बेत, झालेल्या प्रक्षेपणाची नोंद नव्हे. रामायण पुन्हा दाखवणार ही घोषणा २७ मार्चला झाली आणि मालिका दुसऱ्याच दिवशी लागली. आठवडाभर आधी तयार झालेल्या यादीत ती सापडणार कुठून? त्याच्या उलट उदाहरण ३ एप्रिलचं. त्या शुक्रवारी सकाळी बरोबर नऊला पंतप्रधानांचा व्हिडिओ संदेश प्रसारित झाला. रामायणाची ठरलेली वेळही तीच. नेहमीची यादी बघून "३ एप्रिल, सकाळी ९, रामायण" असं कुणी लिहिलं असेल, तर ते तपासल्याशिवाय मान्य करू नये. (५ एप्रिलच्या रात्री नऊला तर लोक दिवे घेऊन बाल्कनीत उभे होते. मालिका कुणी पाहिली, हा वेगळाच प्रश्न.)

सेट-टॉप बॉक्सवरच्या गाइडचीही हीच गत. ते पुढचे काही दिवस दाखवतं, मागचं सहसा ठेवत नाही. शिवाय रोजच्या मालिकेला बरेचदा एकच ठरावीक वर्णन महिनोन्महिने चिकटवलेलं असतं. 'सूनबाईसमोर नवं संकट' असं वाचून भाग ओळखायला जाऊ नये. संकट रोजच असतं. संगणकावर साठवलेलं वेळापत्रक हाती लागलं तर थोडी जास्त माहिती मिळू शकते. एक्सएमएलटीव्ही नावाच्या प्रचलित साच्यात २० एप्रिलच्या सकाळची नोंद कशी लिहिता येईल, त्याचा हा मी केलेला नमुना:

```
<programme start="20200420090000 +0530" channel="dd">
  <title>Uttar Ramayan</title>
  <episode-num system="xmltv_ns">.0.</episode-num>
  <previously-shown start="20200419210000 +0530"/>
</programme>
```

यात दोन खाचखळगे आहेत. इथे भागांची मोजणी शून्यापासून होते, म्हणून `.0.` म्हणजे पहिला भाग. आणि `previously-shown` ही ओळ असेल तर प्रक्षेपण पुन्हाचं आहे हे कळतं, पण ती नसेल तर भाग नवा आहे असं सिद्ध होत नाही. यादी भरणाऱ्याने ती लिहायचा कंटाळा केला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

मराठी वाहिन्यांवरच्या रोजच्या मालिकांत मुख्य गोंधळ मध्यरात्रीनंतर होतो. रात्री साडेआठचा भाग उशिरा पुन्हा लागतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एकदा. साडेबारानंतर लागलेलं रिपीट कॅलेंडरप्रमाणे मंगळवारचं असतं, पण घरात सगळे त्याला सोमवारची रात्रच म्हणतात. यादीचा दिवस कितीला सुरू होतो ते बघितलं नाही, तर तारीख एका दिवसाने हुकते. २०२० मध्ये यात आणखी भर पडली. चित्रीकरण बंद असल्यामुळे संध्याकाळच्या मुख्य वेळेतही जुनेच भाग लागत होते. प्राइम टाइमला लागलं म्हणजे नवंच, हा एरवी चालणारा अंदाज त्या तीन-चार महिन्यांसाठी सरळ बाजूला ठेवावा.

म्हणून जुन्या प्रक्षेपणाबद्दल लिहिताना वाहिनी, तारीख आणि वेळ यांसोबत आधार कोणता तेही लिहावं: छापील यादी, गाइडचा फोटो की प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. हातात फक्त यादी असेल तर 'वेळापत्रकानुसार' हा शब्द गाळू नका. पक्की नोंद वाहिनीकडेच असते. प्रक्षेपित मजकुराचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवणं सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाहिन्यांना बंधनकारक आहे. तक्रार करायची असेल तर ती त्या मुदतीत करा आणि त्यात मालिकेच्या नावाआधी तारीख आणि वेळ लिहा. एकच भाग तीनदा लागला असेल, तर आपण तो कितव्या वेळी पाहिला तेही त्यात लिहा.