चौरस फुटाला चार आणे ते ‘जमीन’

सोलापूरच्या ज्या वाचकांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना सिनेमा थिएटरवरचे हाताने रंगविलेले बोर्ड आठवत असतील. नव्या सिनेमाचा बोर्ड चढायच्या आदल्या दिवशी पेंटर जमिनीवर बसून हिरोचा गाल रंगवीत असे, आणि आम्ही पोरे शाळा विसरून त्याच्याभोवती कोंडाळे करून उभी राहत असू. जयंतीच्या मिरवणुकीतला बाबासाहेबांचा मोठा कापडी फलकही असाच एखादा पेंटर रंगवून देई. त्याला चित्रकार कोणी म्हणत नसे. तो ‘पेंटर’. चित्रकार म्हणजे मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये शिकलेला माणूस, अशी आमची समजूत होती.

ती समजूत मोडणारा एक माणूस आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, १९१५ साली जन्मला. मकबूल फिदा हुसेन. आई ते तान्हे असतानाच वारली. पुढे वडील त्यांना घेऊन इंदूरला गेले. १९३०च्या दशकात हुसेन मुंबईला आले आणि पोटासाठी सिनेमाचे बोर्ड रंगवू लागले. मजुरी चौरस फुटाला चार ते सहा आणे.

साठ चौकटींचा हिशेब

हे काम कसे चालते ते नीट पाहू, कारण पुढची सारी गोष्ट त्यातच आहे.

समजा, सहा इंच रुंद आणि दहा इंच उंच असा फोटो आहे आणि बोर्ड सहा फूट बाय दहा फुटांचा करायचा आहे. पेंटर फोटोवर एकेक इंचावर उभ्याआडव्या रेघा मारतो. साठ चौकटी होतात. मग बोर्डावर गेरूत बुडविलेली दोरी ताणून तिचा फटका मारतो आणि एकेक फुटाच्या साठ चौकटी पाडतो. फोटोतल्या तिसऱ्या चौकटीत भुवईचे टोक असेल तर बोर्डावरही तिसऱ्या चौकटीतच ते यायला हवे. अशा साठ चौकटी भरल्या की साठ चौरस फूट. चार आण्यांच्या भावाने पंधरा रुपये, सहा आण्यांच्या भावाने साडेबावीस.

मात्र फोटोतले सगळेच बारापट मोठे होते, चूकसुद्धा. फोटोवर एक सूत घसरलेले नाक बोर्डावर बारा सूत, म्हणजे दीड इंच घसरते, आणि हिरोचा खलनायक होतो. शिवाय बोर्ड पाहणारा माणूस रस्त्याच्या पलीकडून, चालता चालता पाहतो. बारीक छटा त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून पेंटर बाह्यरेषा जाड ठेवतो, रंग सपाट लावतो आणि शेजारी शेजारी एकमेकांविरुद्ध रंग ठेवतो. हा हिशेब हुसेन यांच्या हातात वर्षानुवर्षे मुरला. पुढे ते मोठे झाले तरी जाड काळी रेषा त्यांच्या हातून सुटली नाही. ती त्यांना रस्त्याने शिकविली होती.

सहा जणांचा गट

त्या काळात मुंबईत चित्रकलेच्या दोन वाटा रूढ होत्या. एक इंग्रजांनी घालून दिलेली: एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूने सावली, लांबची वस्तू लहान, सारे डोळ्याला दिसते तसे. दुसरी बंगालकडून आलेली: धूसर रंग, पुराणातले प्रसंग, हळुवार भाव. फाळणी, दंगे, गिरण्यांचे भोंगे आणि फूटपाथवर झोपणारी माणसे यांना दोन्ही वाटांवर फारशी जागा नव्हती.

१९४७ साली फ्रान्सिस न्यूटन सोझा या गोव्याच्या, साळगावच्या तरुणाने पुढाकार घेऊन ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ उभा केला. सोझा यांना जे. जे. स्कूलमधून काढून टाकण्यात आले होते. त्यांच्याबरोबर सय्यद हैदर रझा, अमरावती जिल्ह्यात जन्मलेले हरी अंबादास गाडे, शिल्पकार सदाशिव बाकरे, हुसेन आणि कृष्णाजी हौळाजी आरा असे एकूण सहा जण. गटाचे नाव गाजले ते १९४९च्या प्रदर्शनाने. मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. ‘अनटचेबल’ ही कादंबरी लिहिणारे तेच हे लेखक.

सहा जणांतले आरा आम्हाला विशेष जवळचे वाटतात. सिकंदराबादजवळच्या बोलारमचा हा मुलगा लहानपणीच घर सोडून मुंबईला आला. घरगडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आला. आर्ट स्कूलचे तोंड त्याने पाहिले नाही. उरलेल्या वेळात तो चित्रे काढी. पाण्याचे रंग तो इतके दाट लावी की ते तैलरंगासारखे दिसत. १९४२ साली आरांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन मुंबईत भरले. फुलदाण्या, फळे, भांडी हे त्यांचे आवडते विषय. ज्याने दुसऱ्यांच्या घरची भांडी घासली त्याने भांड्यांचे घाट असे रंगविले, यात आम्हाला नवल वाटत नाही.

या मुलांना युरोपातली नवी चित्रकला दाखविली कोणी? हिटलरच्या राजवटीत ज्यांना जर्मनी-ऑस्ट्रिया सोडावे लागले अशा माणसांनी. वॉल्टर लँगहॅमर यांची पत्नी ज्यू होती. व्हिएन्ना सोडून ते मुंबईला आले आणि टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले. त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमत आणि युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती पाहत. रुडॉल्फ फॉन लायडेन वर्तमानपत्रातून या मुलांच्या कामावर लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंजर त्यांची चित्रे विकत घेत. जन्मावरून ज्यांना देशाबाहेर काढले त्यांनी मोटारी धुणाऱ्या आरांना चित्रकार म्हणून ओळखले, ही गोष्ट आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

दिल्लीतले प्रदर्शन

युरोपातून जे आले त्याचा गाभा असा की, चित्र म्हणजे डोळ्याला दिसते त्याची नक्कल नव्हे. वस्तू मोडता येते, चपटी करता येते, समोरून आणि बाजूने एकाच वेळी दाखविता येते. पण एवढ्यावर थांबले असते तर मुंबईत बसून पॅरिसची नक्कल झाली असती.

१९४८ साली दिल्लीत, आजच्या राष्ट्रपती भवनात, भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले. सोझांबरोबर हुसेन ते पाहायला गेले. तिथे त्यांना मथुरेकडची प्राचीन शिल्पे दिसली. तीन ठिकाणी लवलेले ते शरीर भरीव असूनही हलके वाटते. जम्मूकडच्या बसोलीची लघुचित्रे दिसली. त्यांत तांबडा, पिवळा, हिरवा असे रंग सावलीचा आधार न घेता एकमेकांना भिडतात. यात लोककलेची सोपी, ठाम आकृती त्यांनी मिळविली. हातात बोर्डाची जाड रेषा होतीच. चेहरे मोडण्याची मोकळीक युरोपाने दिली, पण मोडलेली माणसे पुन्हा उभी राहिली ती आपल्याकडच्या ढबीने.

मिश्रण खरे की वरवरचे, हे ओळखायची एक साधी खूण आम्ही वापरतो. चित्रातला फेटा, घागर आणि बैल मनातल्या मनात काढून टाकावेत. मग त्यात इथले काहीच उरले नाही, तर ते परदेशी चित्राला घातलेले देशी कपडे होते असे समजावे. हुसेन यांच्या चांगल्या चित्रातून घागर काढली तरी उभे राहण्याची ढब आणि रंगांची भिडत इथलीच राहते.

‘जमीन’समोर

१९५५ साली हुसेन यांनी ‘जमीन’ हे चित्र रंगविले. ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला पुरस्कार मिळाला. ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. तीन फूट उंच आणि तब्बल अठरा फूट लांब. आम्ही त्याच्यासमोर उभे राहिलो तेव्हा पहिली आठवण बोर्डाचीच झाली. अठरा फूट एका नजरेत मावत नाहीत, चालत चालत पाहावे लागते. चौकटी इथेही आहेत, पण नकलेसाठी आखून नंतर पुसायच्या नव्हेत. चित्रच खणाखणांचे आहे, आणि एकेका खणात गावचे जीवन आहे: माणसे, जनावरे, कामधंदा, सण. सारे मातकट, आणि भोवती तीच जाड रेषा.

या चित्रामागे बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ या १९५३च्या सिनेमाची प्रेरणा सांगतात. त्या सिनेमात कर्जापायी जमीन वाचविण्यासाठी शेतकरी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो आणि तरीही जमीन जाते. हुसेन यांनी मात्र ते रडगाणे घेतले नाही. त्यांनी नांदते गाव रंगविले.

इथे आमचे पाऊल अडखळते. हुसेन दिल्लीत शिल्पे पाहत होते त्याच वर्षी, त्याच शहरात, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, बाबासाहेब घटना समितीत मसुदा मांडत होते. त्यांनी गावाच्या गौरवाचे वाभाडे काढले. गाव म्हणजे कोतेपणाची, अज्ञानाची आणि जातीयतेची जागा, हे त्यांनी त्या सभागृहात रोखठोक सांगितले. ‘जमीन’च्या अठरा फुटांवरून आम्ही दोनदा चालत गेलो. गावकुसाची रेघ शोधत होतो. ती आम्हाला दिसली नाही. सगळे खण एकाच उंचीचे, कोणीही कोणाच्या वेशीबाहेर नाही.

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. ज्याने गाव लहानपणीच सोडले त्याला ते असे गोड दिसले, असे म्हणता येईल. किंवा ज्या गावात सर्वांना सारख्या उंचीचा खण मिळतो ते गाव त्याने कल्पिले, असेही म्हणता येईल. आमचे मत पहिल्या बाजूकडे झुकते. गटाने चित्राची भाषा मोकळी केली, पण त्या भाषेत गावकुसाबाहेरची जमीन कोणाची हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही. तो पुढच्या पिढ्यांच्या कवींनी आणि चित्रकारांनी विचारला.

गट फार काळ टिकला नाही. सोझा १९४९ साली लंडनला गेले, रझा १९५० साली फ्रान्सला, पाठोपाठ बाकरेही लंडनला. १९५६च्या सुमारास गट संपला. आरा मात्र अखेरपर्यंत मुंबईतच राहिले आणि धडपडणाऱ्या नव्या चित्रकारांना प्रदर्शनासाठी मदत करीत राहिले. १९८५ साली ते वारले. हुसेन यांना म्हातारपणी देश सोडावा लागला. २०११ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि इंग्लंडमध्येच त्यांना मातीला दिले. पंढरपुरात जन्मलेल्या, ‘जमीन’ रंगविणाऱ्या माणसाला शेवटी इथली साडेतीन हात जमीन मिळाली नाही.

आता बोर्ड यंत्रावर छापून येतात, चौकटी आखणारे पेंटर थोडे उरले आहेत. पुढच्या जयंतीला असा एखादा हाताने रंगविलेला फलक दिसलाच, तर जरा थांबून जवळून पाहावे. रंगाच्या खाली गेरूची पुसट रेघ अजून दिसते का ते पाहावे. आणि तो करणाऱ्याला, पेंटरच्या जागी, चित्रकार म्हणून हाक मारावी.