धूर म्हणजे न जळलेलं इंधन

सिनेमातल्या आगीत ज्वाळा स्वच्छ दिसतात आणि हिरो त्यांच्यामधून आरामात धावतो. खऱ्या खोलीत मात्र तुम्हाला आधी धूरच दिसेल. असं का?

समजा, सोफा पेटला. त्यातला फोम थेट जळत नाही. तो तापला की वायू सुटतात आणि ते हवेत मिसळून जळतात. शेजारचं कपाट पेटायचं तर तेही आधी तेवढं तापायला हवं, आणि त्याला वेळ लागतो. धुराला असं थांबावं लागत नाही. गरम वायू हलके असल्यामुळे वर जातात आणि जाता जाता आजूबाजूची हवा सोबत ओढून घेतात, त्यामुळे धूर भराभर वाढतो. छताला अडला की आडवा पसरतो, भिंतींपर्यंत पोचला की त्याचा थर खाली उतरू लागतो. एकटा सोफा जळत असतानाच अख्खी खोली धुराने भरते ती अशी.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले वायू असतात. म्हणजे धूर हे इंधनच आहे! पुढे काय होणार, हे हवेवर ठरतं.

हवा मिळत राहिली तर छताखालचा थर साधारण 500 ते 600 अंश सेल्सियसपर्यंत तापतो. त्याची उष्णता वरून खाली पडते, गालिचा, टेबल, पडदे सगळेच वायू सोडू लागतात आणि काही सेकंदांत खोलीतलं सगळं जवळपास एकदमच पेटतं. हा फ्लॅशओव्हर. त्यातून कुणी वाचणं जवळपास अशक्य.

हवा संपली तर ज्वाळा मंदावतात, पण तापलेल्या वस्तूंमधून वायू सुटतच राहतात. 28 मार्च 1994 रोजी न्यूयॉर्कच्या वॉट्स स्ट्रीटवर हेच घडलं. शेगडीवर ठेवलेली कचऱ्याची प्लास्टिकची पिशवी पेटली. वीज-गॅस वाचावा म्हणून फ्लॅटच्या फटी घट्ट बंद केलेल्या होत्या, त्यामुळे आग तासभर जेमतेम हवेवर धुमसत राहिली. अग्निशमन जवानांनी दार फोडलं. गरम धूर वरच्या बाजूने जिन्यात बाहेर पडला, खालून ताजी हवा आत शिरली आणि साठलेला वायू भडकला. हा बॅकड्राफ्ट. ज्वाळा दारातून जिन्यात घुसल्या आणि सुमारे साडेसहा मिनिटं जळत राहिल्या. जिन्यात असलेले तीन जवान दगावले. बॅकड्राफ्ट सहसा काही सेकंदांचा असतो, म्हणून पुढे संशोधकांनी कॉम्प्युटर मॉडेलवर तो फ्लॅट पुन्हा ‘जाळून’ पाहिला. इतका वेळ पुरेल एवढं इंधन धुरात साठू शकतं, असं त्यात दिसलं.

तुमच्या इमारतीत एखादं दार हाताला गरम लागलं, फटीतून धूर श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत असला, काचा तपकिरी, तेलकट झाल्या असल्या आणि ज्वाळा मात्र दिसत नसल्या, तर आत हाच साठा असू शकतो. ते दार उघडू नका. बाहेर पडा आणि फायर ब्रिगेडला फोन करताना हेच सांगा.