हसऱ्या चेहऱ्याचा कचेरीतला प्रवास

1982 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात, संगणक विभागाच्या सामायिक निरोप-फलकावर भौतिकशास्त्राचे एक कोडे रंगले होते. लिफ्टचा दोर तुटला, तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? एका वाह्यात माणसाने लगेच गंभीर चेहऱ्याने इशारा टाकला, की अशाच प्रयोगामुळे अमुक लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, तेव्हा जपून. काहींना ते खरेच वाटले. मग 19 सप्टेंबरला स्कॉट फालमन या संशोधकाने सुचवले, की थट्टेच्या मजकुराला :-) अशी खूण लावावी, आणि जे थट्टेत नाही त्याला :-( अशी. हा मूळ संदेश पुढे हरवला. 2002 मध्ये जुन्या बॅकअप टेपा उपसून तो शोधून काढावा लागला.

या खुणेचे जन्मस्थान ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ती रोज भेटणाऱ्या, एकमेकांची खोड ठाऊक असलेल्या सहकाऱ्यांत जन्मली. तिथे ग्राहक कोणी नव्हता आणि थट्टा कळली नाही म्हणून कुणाचे कंत्राट जाणार नव्हते. पुढे चाळीस वर्षांत तीच खूण अनोळखी ग्राहकाच्या आणि वरिष्ठांच्या मेलमध्ये शिरली, आणि घोटाळा तिथेच सुरू झाला.

थट्टा लेखी उतरवताना नेमके काय निसटते, हे 2005 मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले. त्यांनी काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला लावली, कधी मेलने तर कधी आवाजातून. पाठवणाऱ्यांना वाटत होते, की समोरच्याला 78 टक्के वेळा सूर बरोबर कळेल. आवाज ऐकणाऱ्यांनी 73 टक्के वेळा तो ओळखला. मेल वाचणाऱ्यांनी 56 टक्के. म्हणजे नाणे उडवून जेवढे बरोबर येईल त्याहून थोडेच अधिक! कारणही सोपे आहे. लिहिणारा आपले वाक्य मनातल्या मनात स्वतःच्या आवाजात ऐकत असतो. तो आवाज मेलबरोबर जात नाही. ‘वा, फारच लवकर काम झाले की’ हे वाक्य लिहिताना मिश्कील असते आणि उघडल्यावर टोमणा.

मग खुणेने ही उणीव भरून निघत नाही का? बऱ्याचदा खूणच पोहोचत नाही. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये :) टंकले, की ते आपोआप हसऱ्या चेहऱ्यात बदलायचे. प्रत्यक्षात तो चेहरा म्हणजे विंगडिंग्ज या फॉन्टमधले एक अक्षर होते. ज्याच्या फोनवर किंवा मेल-प्रणालीत तो फॉन्ट नसे, त्याला वाक्याच्या शेवटी नुसते J दिसे. कितीतरी कचेऱ्यांत लोक बराच काळ विचारात पडले, की हा J कोण, आणि साहेब आपल्या सहीऐवजी ते का लिहितात.

जपानच्या डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी 1999 मध्ये 176 छोटी चित्रे आखली आणि 2010 मध्ये युनिकोडने इमोजींना सर्वत्र चालणारे सांकेतिक क्रमांक दिले, तेव्हा हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण क्रमांक एक असला तरी चित्र प्रत्येक कंपनी आपापले काढते. 2016 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की डोळे मिटून दात दाखवणारा एकच चेहरा ॲपलच्या फोनवर अनेकांना कळवळल्यासारखा वाटतो, तर दुसऱ्या फोनवर आनंदी.

उद्गारचिन्हाची गोष्ट निराळी. ते सगळीकडे सारखेच दिसते. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय ज्या मेजर कँडींना दिले जाते, त्यांच्या काळापासून ते आश्चर्य, हर्ष, दुःख यांचे चिन्ह म्हणून शाळेत शिकवले जाते. मेलमध्ये मात्र ते उत्कटतेचे राहिले नाही. कॅरल वासेलेस्की यांनी 2006 मध्ये ग्रंथपालांच्या मेल-चर्चा तपासल्या, तेव्हा उद्गारचिन्ह बहुधा स्नेहभाव दाखवायला वापरलेले आढळले. ‘धन्यवाद!’ मधली रेघ म्हणजे ओठावरचे हसू. तेवढ्यापुरती ती वरिष्ठांनाही चालते. ‘कृपया आजच उत्तर द्यावे!’ मध्ये मात्र तीच रेघ डोळे वटारते, कारण विनंतीला लागली की ती आज्ञा होते.

सर्वांत उपयोगी पुरावा 2017 चा. एला ग्लिक्सन, अरिक चेशिन आणि गेर्बेन व्हॅन क्लीफ यांनी 29 देशांतल्या साडेपाचशेच्या आसपास लोकांना अनोळखी व्यक्तीच्या कामाच्या मेल वाचायला दिल्या. काहींत हसरा चेहरा होता, काहींत नव्हता. चेहऱ्यामुळे लिहिणारा अधिक प्रेमळ वाटला नाही. उलट कमी सक्षम वाटला. इतकेच नव्हे, अशा मेलला उत्तर देताना लोकांनी तपशीलही कमी दिला. अनौपचारिक प्रसंगात मात्र तोच चेहरा जिव्हाळ्याचा ठरला. म्हणजे दोष चेहऱ्यात नव्हता, औपचारिक पहिल्या भेटीत होता.

हे एका मेलवर लावून पाहू. समजा, एका छपाई-व्यावसायिकाला नव्या ग्राहकाला कळवायचे आहे, की कॅटलॉग शुक्रवारऐवजी मंगळवारी मिळेल. पहिला मसुदा असा: ‘सर, कागद अजून मिलमध्येच रुसून बसलाय 😅 मंगळवारपर्यंत नक्की!!’ लिहिणाऱ्याला यात दिलगिरी दिसते. ग्राहकाला दिसते ते असे, की उशीर झाला, यांना त्याचे हसू येते, आणि ‘नक्की’पुढे दोन रेघा ओढाव्या लागल्या, म्हणजे यांनाच खात्री नाही. शिवाय तो ही मेल आपल्या संचालकाला पुढे पाठवणार, ज्याने या व्यावसायिकाचे नावही ऐकलेले नाही. दुसरा मसुदा: ‘कागद गुरुवारऐवजी सोमवारी येत असल्याने कॅटलॉग मंगळवारी दुपारी मिळतील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. शुक्रवारी शंभर प्रती अत्यावश्यक असतील, तर आमच्याकडच्या साठ्यातल्या कागदावर छापून देता येतील.’ यात ऊब आहे, पण ती शेवटच्या वाक्यात आहे. सहा महिन्यांनी हाच ग्राहक ‘प्रती सुंदर झाल्यात 😊’ असे लिहील, तेव्हा कोरडे ‘आभारी आहोत’ उलट तुटक वाटेल. तिथे तसाच एक चेहरा परत पाठवायला हरकत नाही. मोठ्या माणसाने आधी सैल व्हावे आणि मग आपण, ही चाल तीर्थरूपांना शिरसाष्टांग नमस्कार लिहिणाऱ्या पिढीला वेगळी समजवावी लागली नसती.

नात्याचा हा इतिहास किती जड पडू शकतो, ते कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात दिसले. 2021 मध्ये एका धान्य-खरेदीदाराने शेतकऱ्याला 87 टन जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवून मान्यता मागितली. उत्तरात आला अंगठा 👍. जवस आला नाही, दरम्यान भाव दुपटीहून वर गेले. शेतकऱ्याचे म्हणणे, करार मिळाला एवढेच मी कळवले. 2023 मध्ये न्यायालयाने दोघांचे आधीचे व्यवहार तपासले. त्यांत शेतकऱ्याने ‘ओके’, ‘यप’ असल्या एका शब्दावर करार मान्य केले होते आणि मालही पोहोचवला होता. तेव्हा अंगठाही त्याच मालिकेतला मानला गेला आणि शेतकऱ्याला सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरायचा आदेश झाला. 2024 च्या डिसेंबरात अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला.