पंख्यातला रबरी पडदा

छताच्या पंख्याचा दांडा जिथे पात्यांच्या वरच्या भागाला मिळतो, तिथे वाटीसारखं एक झाकण असतं. ते वर सरकवलं की आत काड्यापेटीहून जरा मोठी, प्लॅस्टिकची, दोन वायरी बाहेर आलेली डबी दिसते. वायरमन तिला ‘कंडेन्सर’ म्हणतात, पाठ्यपुस्तकात ती ‘संधारित्र’ असते आणि दुकानात ‘कपॅसिटर’ या नावानेही मिळते. तिच्यावर बहुधा दोन आकडे छापलेले असतात : २.५ मायक्रोफॅरड आणि ४४० व्होल्ट. ही डबी विद्युतभार साठवते, असं शाळेत शिकवतात. उत्तर म्हणून ते चालून जातं, पण त्याने मनात जे चित्र उभं राहतं ते चुकीचं असतं. माठात पाणी भरावं तशी वीज डबीत भरली जाते, असं वाटू लागतं.

माठाऐवजी एक टाकी डोळ्यांपुढे आणावी. ती चहूबाजूंनी बंद आहे आणि पाण्याने काठोकाठ भरलेली आहे. तिच्या बरोबर मधोमध रबराचा एक पडदा ताणून, चारही कडा भिंतींना घट्ट चिकटवून बसवला आहे. पडद्याच्या डाव्या बाजूला एक नळी, उजव्या बाजूला दुसरी आणि दोन्ही नळ्या एका पंपाला जोडलेल्या. पंप सुरू केला की डावीकडे पाणी घुसू लागतं. टाकीत रिकामी जागा कुठेच नाही आणि पाणी दाबून लहान करता येत नाही. म्हणून पडदा उजवीकडे फुगतो आणि जितकं पाणी डावीकडून आत आलं, नेमकं तितकंच उजवीकडच्या नळीतून बाहेर पडतं. पडदा जसजसा ताणला जातो तसतसा तो उलटा रेटा देऊ लागतो. त्याचा रेटा पंपाच्या दाबाइतका झाला की प्रवाह थांबतो.

आता दोन्ही नळ्यांच्या तोट्या बंद करून पंप काढून घेतला, तर टाकीत काय साठलं? पाणी आधी होतं तेवढंच आहे. डावीकडे थोडं जास्त, उजवीकडे तेवढंच कमी. साठला आहे तो फक्त पडद्याचा ताण. दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून तोट्या उघडल्या, की पडदा झटक्यात सपाट होतो आणि पाणी जोराने डावीकडून उजवीकडे धावतं.

कपॅसिटरमध्ये पाण्याच्या जागी धातूच्या दोन पापुद्र्यांतले इलेक्ट्रॉन असतात आणि रबराच्या जागी त्या पापुद्र्यांमधला, वीज वाहू न देणारा थर. पंपाचा दाब म्हणजे व्होल्ट, नळीतला ओघ म्हणजे अँपिअर. एवढ्या दाबाला किती पाणी सरकलं, हे सांगणारा पडद्याचा ढिलेपणा म्हणजे फॅरडमध्ये मोजली जाणारी धारिता.

एका बाजूने जितकं आत येतं तितकंच दुसरीकडून बाहेर जातं, हे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी, रबराचा पडदा न वापरताच, एका माणसाच्या लक्षात आलं होतं. १७४६ साली हॉलंडमधल्या लायडन गावी पीटर फान मुसेनब्रुक यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीतल्या पाण्यात वीज उतरवण्याचे प्रयोग चालू होते. त्या काळचा नियम असा, की वीज निसटू नये म्हणून बरणी काचेच्या किंवा मेणाच्या बैठकीवर ठेवायची. तसं केलं की बरणी काही भरत नसे. कुणीतरी ती नुसत्या हातात धरली आणि दुसऱ्या हाताने आतल्या तारेला स्पर्श केला, तेव्हा बसलेला धक्का सगळ्या युरोपात गाजला. पुढल्याच वर्षी अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्याचा उलगडा लिहून कळवला : बरणीच्या आत जितकी वीज जाते तितकीच बाहेरच्या बाजूने निघून जाते. भरलेल्या बरणीत एकूण वीज न भरलेल्या बरणीएवढीच असते.

टाकीकडे पाहिलं की मेणाच्या बैठकीची चूक लगेच कळते. उजवीकडची तोटी बंद असेल तर डावीकडून पाणी आत जाणारच नाही. बरणी धरणारा हात हीच ती उघडलेली तोटी होती.

‘कंडेन्सर’ हे नाव मात्र त्या आधीच्या समजुतीचं आहे. ते रूढ केलं इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी, १७८२ साली, वीज घट्ट करून साठवणारं साधन या अर्थाने. इंग्रजी पुस्तकांतून ते नाव मागे पडलं. आपल्याकडच्या वायरमनच्या तोंडी ते अजून टिकून आहे आणि दुकानात तेच मागितलं तर लवकर मिळतं.

एकाच पदार्थाचा पडदा किती ढिला असेल, हे दोन गोष्टींवर ठरतं. पडदा आकाराने मोठा असेल तर तेवढ्याच दाबाला जास्त पाणी सरकतं. जाड असेल तर कमी. म्हणून कपॅसिटर बनवणाऱ्याचा सगळा आटापिटा मोठा पण पातळ पडदा लहान जागेत बसवण्याचा असतो. पंख्याच्या डबीत पडदा म्हणून पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची फिल्म असते. ती ८ मायक्रॉन जाडीची, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ धरली, तर २.५ मायक्रोफॅरडसाठी किती फिल्म लागेल याचं गणित सोपं आहे. उत्तर येतं जवळजवळ एक चौरस मीटर. काड्यापेटीहून जरा मोठ्या डबीत लहान टेबल झाकेल एवढा पडदा गुंडाळून बसवलेला असतो. त्यावरचा धातूचा थर फिल्मच्या शेकडो पट पातळ असतो. धातूची वाफ करून तो फिल्मवर बसवतात.

इतकं करून या डबीत साठतं ते किती? घरातली वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण ती सतत वरखाली होत असते आणि तिचं टोक ३२५ व्होल्टच्या आसपास जातं. एवढ्या दाबाला डबीतले सुमारे पाच हजार अब्ज गुणिले हजार इलेक्ट्रॉन एका पापुद्र्यावरून दुसऱ्याकडे सरकलेले असतात. आकडा अफाट वाटतो. पण पडद्याच्या ताणात साठलेली ऊर्जा जेमतेम ०.१३ ज्यूल, म्हणजे शंभर ग्रॅमचं वजन वीतभरही उचलणार नाही इतकी. साठ्याच्या बाबतीत कपॅसिटरची बॅटरीशी तुलनाच होत नाही. पंख्याला या डबीकडून साठा नकोच असतो. त्याला हवी असते पडद्याची हालचाल.

रबराचं चित्र एका ठिकाणी अडतं, ते आधी सांगायला हवं. टाकीतला पडदा काढून टाकला तर पाणी सरळ आरपार वाहील. कपॅसिटरमधलं प्लॅस्टिक काढून तिथे निर्वात पोकळी ठेवली तरी कपॅसिटर कपॅसिटरच राहतो, फक्त त्याची धारिता घटते. मायकेल फॅरडे यांनी १८३७ साली गंधक, लाख, काच असे पदार्थ मधे घालून धारिता किती वाढते ते मोजलं होतं. पॉलिप्रॉपिलीनने ती सुमारे २.२ पट होते. म्हणजे पोकळीलाही ताण घेता येतो आणि आपल्याला माहीत असलेल्या पडद्यांत सर्वांत ताठ पडदा तीच आहे. तिथे ताणलं जातं ते विद्युतक्षेत्र. रबराच्या चित्रात त्याला नेमकी जागा नाही, तरी ताणाची भाषा चालून जाते.

आता पंप एका दिशेने लावण्याऐवजी पुढे-मागे हलवायचा. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा तसंच करते. पडदा डावीकडे फुगतो, सपाट होतो, उजवीकडे फुगतो, पुन्हा सपाट. पाण्याचा एक थेंबही पडद्यातून पलीकडे जात नाही, पण दोन्ही नळ्यांतलं पाणी सतत ये-जा करत असतं. नळीत एखादं चाक बसवलं तर ते हलेल. ‘कपॅसिटरमधून एसी वाहते’ असं म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच. २.५ मायक्रोफॅरडच्या डबीला थेट २३० व्होल्ट दिले तर ही ये-जा सुमारे ०.१८ अँपिअर भरते.

आणि इथे खरी मौज आहे. नळीतला ओघ सर्वांत जोराचा कधी असतो? पडदा सपाट स्थितीतून जात असतो तेव्हा, म्हणजे त्याचा ताण शून्य असताना. पडदा पूर्ण फुगून परतीला लागतो त्या क्षणी ताण सर्वांत जास्त असतो आणि ओघ शून्य. झोपाळ्याचंही असंच होतं : टोकाला तो क्षणभर थांबतो आणि मधून जाताना वेगात असतो. म्हणून कपॅसिटरमधला प्रवाह व्होल्टच्या पाव फेरा आधी येतो. पन्नास फेऱ्यांच्या विजेत पाव फेरा म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग.

पंखा फिरतो तो या पाव फेऱ्याच्या जोरावर. त्याच्या मोटारीत तांब्याच्या तारेची दोन गुंडाळणं असतात. एकच गुंडाळण असतं तर चुंबकीय ओढ नुसती कमीजास्त झाली असती, डावीकडे की उजवीकडे हे तिला ठरवता आलं नसतं. दुसऱ्या गुंडाळणाच्या वाटेत कपॅसिटर असल्यामुळे तिथला प्रवाह आधी पोचतो. आधी हे, मग ते, मग पुन्हा हे, अशी ओढ गोल फिरू लागते आणि पाती तिच्यामागे जातात. डबी पूर्ण निकामी झाली की पंखा गुणगुणतो पण सुरू होत नाही, आणि काठीने ढकलला तर ज्या दिशेला ढकलावा त्या दिशेला मंद गतीने फिरू लागतो. दिशा सांगणारं दुसरं गुंडाळणच गप्प झालेलं असतं.

बहुतेक वेळा मात्र डबी एकाएकी मरत नाही. वर्षानुवर्षं पंखा थोडा थोडा मंदावत जातो आणि घरातले बेअरिंगला किंवा व्होल्टेजला दोष देतात. फिल्ममध्ये कुठेतरी बारीक कच्ची जागा असते. दाबाचा झटका आला की तिथे ठिणगी पडते आणि भोवतालचा धातूचा नाजूक थर त्या उष्णतेने उडून जातो. भोकाभोवती धातूच उरला नाही, म्हणून वीज पलीकडे जाऊ शकत नाही आणि डबी वाचते. टाकीच्या भाषेत, पडद्याला छिद्र पडलं आणि कुणीतरी तेवढ्या जागेवर टणक ठिगळ मारलं. गळती थांबली, पण तो ठिपका यापुढे ताणला जाणार नाही. अशी ठिगळं वाढत गेली की पडदा लहान लहान होत जातो.

हे बाहेरून दिसत नाही, मोजून कळतं. पंख्याची वीज बंद करून, डबी सोडवून, तिच्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना टेकवून उरलासुरला ताण घालवायचा आणि धारिता मोजणारा मल्टिमीटर लावायचा. छापलेल्या २.५ च्या जागी समजा १.६ आला. मघाच्याच २३० व्होल्टच्या हिशोबाने आता ये-जा ०.१८ वरून ०.१२ अँपिअरच्याही खाली उतरली. दुसऱ्या गुंडाळणाची ओढ तेवढी दुबळी झाली. मंदावलेल्या पंख्याचं कारण सापडलं.

नवी डबी घेताना पंखा जोरात फिरावा म्हणून कुणी ४ मायक्रोफॅरडची मागतात. पडदा ढिला झाल्याने दुसऱ्या गुंडाळणात बेतापेक्षा जास्त प्रवाह जातो, तार तापते आणि तिच्यावरचं इनॅमल जळू लागतं. व्होल्टचा आकडाही उगाच ४४० नसतो. कपॅसिटर आणि गुंडाळण एकापाठोपाठ जोडले की डबीवर येणारा दाब घरातल्या २३० च्या वर चढतो आणि पडद्याला तो दिवसभर, सेकंदाला पन्नास फेऱ्यांनी, दोन्ही बाजूंनी सोसायचा असतो. म्हणून जुन्या डबीवरचे दोन्ही आकडे कागदावर उतरवून घ्यावेत आणि दुकानात तेच दाखवावेत.